तेलाला वास येतो, म्हणजे नक्की काय होतं?

“आम्ही जीव ओतून शुद्ध तेल काढतो आणि लोक ‘वास येतो’ म्हणून एक स्टार देतात. असले रिव्ह्यू वाचायचे तरी कशाला?”

वाचायचे, कारण तुमच्या पाच स्टारवाल्यांनीही वासाबद्दलच लिहिलंय. हे प्रत्येक तेलवाल्याला फोनवर वेगवेगळं सांगून थकले, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल काढणाऱ्या एका जोडप्याचं उदाहरण घेते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘शुद्ध’. त्यांच्या मनात त्याचा अर्थ एकच: आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. आणि एका गिऱ्हाइकाने लिहिलं, “तळताना फेस येतो, वास येतो, तळाशी गाळ आहे. नक्की भेसळ.” ‘भेसळ’ हा शब्द वाचून त्या बाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. त्यांचं दुःख खरं होतं, पण गिऱ्हाईकही खोटं बोलत नव्हतं.

रिफाइंड तेलातून चिकट घटक, म्हणजे फॉस्फोलिपिड, काढून टाकलेले असतात आणि शेवटी वाफ सोडून वासही घालवलेला असतो. घाण्याच्या तेलात हे दोन्ही राहतात. त्या चिकट घटकांमुळे कढईत फेस येतो. गाळ म्हणजे नीट न निवळलेले पेंडीचे बारीक कण. वीस वर्षं रिफाइंड वापरलेल्या माणसाच्या लेखी शुद्ध तेल म्हणजे पाण्यासारखं, वास नसलेलं. तुम्ही ज्या खुणांना शुद्धतेचा पुरावा मानता, त्याच त्याला भेसळीचा पुरावा वाटतात.

पण म्हणून “लोकांना कळत नाही” म्हणून हात झटकू नका. घाई इथेच नडते. वास तीन प्रकारचा असतो. शेंगदाण्याचा वास हा तेलाचा स्वभाव. खवट वास म्हणजे तेल हवेने, उजेडाने बिघडलंय. पारदर्शक बाटली दुकानात उन्हात उभी असेल तर हे होतंच. आणि कुबट वास आला तर दाणे ओलसर होते का, बुरशी लागली होती का, हे लगेच तपासायचं, कारण बुरशीच्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन या विषाचा धोका असतो. गिऱ्हाईक तिन्हींना ‘वास’च म्हणतं, शिवाय बरेच जण ते इंग्रजी अक्षरांत लिहितात. त्यामुळे शब्द शोधून मोजणी केली तर फसाल. रिव्ह्यू अख्खा वाचावा लागतो.

मी असं करते: कागदावर रिव्ह्यूतलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, दुरुस्त न करता. शेजारी तीन गोष्टी: तेलाचा बॅच नंबर (तो रिव्ह्यूत नसतो, ऑर्डरच्या तारखेवरून काढावा लागतो), कुठल्या पदार्थाला वापरलं, आणि माणूस कशाशी तुलना करतोय. सुरुवात तीन स्टारवाल्यांपासून करायची, कारण रागही नाही आणि प्रेमही नाही अशी माणसं सविस्तर लिहितात. मग बघायचं. वासाच्या तक्रारी एकाच बॅचला चिकटल्या असतील तर दोष तुमचा, माल परत मागवा. सगळ्या बॅचांत विखुरल्या असतील आणि सोबत ‘आमच्या नेहमीच्या तेलासारखं नाही’ असं येत असेल, तर दोष अपेक्षेचा.

त्या जोडप्याच्या कागदावर पदार्थांचा रकाना सगळ्यात बोलका निघाला. वैतागलेले बहुतेक सगळे पुऱ्या, भजी तळणारे. खुश झालेले लोक शेंगदाण्याची चटणी, भाकरीबरोबर कच्चं तेल आणि ठेचा लिहीत होते. ‘शुद्ध’ हा शब्द त्यांच्यात जवळजवळ कुणीच वापरला नव्हता. एका बाईंनी लिहिलं होतं, “ठेच्यावर घातलं आणि घर भरून वास सुटला.” जो ‘वास’ हा शब्द जोडप्याला टोचत होता, तोच इथे कौतुकाचा होता.

पूर्वी मी अशा वेळी सरळ सांगायचे, लेबलवर फेसाचं कारण छापा, लोक शहाणे होतात. छापलं की तक्रारी कमी होतील असं वाटायचं, पण लेबल तळताना कोण वाचतं? आता सांगते, ‘शुद्ध’ लहान करा आणि ‘ठेच्याला, चटणीला’ मोठं लिहा. यावर ते गृहस्थ म्हणाले, “मग आम्ही रसायन न घालता राबतो, ते कोणाला कळणार?” याचं उत्तर मला देता आलं नाही. रिव्ह्यू फक्त लिहिणाऱ्यांचं मन दाखवतात. न लिहिता दर महिन्याला पाच लिटर नेणारा ‘शुद्ध’ या शब्दासाठीच नेतो का, हे त्या कागदावर दिसत नाही. त्याला फोन करूनच विचारावं लागेल, आणि त्या फोनची यादी अजून आमच्यासमोर पडून आहे.