मोनो केलं की काळी एकचा सा कुठे जातो: अभंगाच्या मिक्सची प्रगती

अभंगाचं मिक्स आता स्टिरिओत बरंच बसलं आहे. आवाज मध्यभागी आहे, तबला-डग्गा जवळपास मध्यभागी, पेटी थोडी डावीकडे पसरलेली, टाळ उजवीकडे. मागे तंबोरा दोन्ही बाजूंना भरून राहिला आहे आणि शेवटच्या दोन कडव्यांखाली कीबोर्डचा हलका पॅड आहे. या टप्प्यात एकच काम हाती घेतलं: हेच मिक्स फोनच्या स्पीकरवर उभं राहतं का ते तपासणं. ऐकणारे बहुतेक जण ते तिथेच ऐकणार आहेत.

एकच स्पीकर असलेला फोन डावं आणि उजवं एकत्र करून वाजवतो. दोन स्पीकरच्या फोनमध्येही एक खालच्या कडेला आणि एक कानाच्या जाळीपाशी असतो. दोघांत जेमतेम वीतभर अंतर, त्यामुळे ऐकणाऱ्यापर्यंत पोचेतो दोन्ही बाजू हवेतच मिसळतात. म्हणून मोनो ही पहिली कसोटी. रीपरमध्ये मास्टर ट्रॅकचं मोनोचं बटण आहे, पण मी मास्टरवर व्हॉक्सेंगोचं MSED हे मोफत प्लगइन इनलाइन मोडमध्ये लावून साइड, म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक, म्यूट करतो. मग दोन्ही बाजूंना (डावं + उजवं) ÷ 2 एवढंच उरतं आणि आकडे नेमके काढता येतात. ऐकताना मात्र एक मॉनिटर बंद ठेवायचा. दोन्ही मॉनिटरवर मोनो वाजवलं तर आवाज मधोमध तरंगल्यासारखा वाटतो आणि लहानसहान खड्डे निसटतात.

मोनो केल्याबरोबर सगळंच थोडं बदलतं. त्यातलं स्वाभाविक किती आणि बिघाड किती, हे आधी ठरवलं पाहिजे. पूर्ण एका बाजूला पॅन केलेलं वाद्य मोनोत मधल्या आवाजाच्या तुलनेत 3 डेसिबलने खाली जातं. हा निव्वळ बेरजेचा हिशोब आहे, तिथे फेजचा काही संबंध नाही. टाळ तेवढेच उतरले, म्हणून त्यांना हात लावला नाही. पॅडसारखा दोन चॅनेलचा ट्रॅक असेल तर दोन्ही बाजू एकमेकींशी किती जुळतात ते अधिक 1 ते उणे 1 अशा आकड्यात दाखवणारा कोरिलेशन मीटर कामाला येतो. दोन्ही बाजूंची पातळी सारखी असताना मीटर शून्यावर असेल तर मोनोत 3 डेसिबलची घट, उणे 0.5 वर 6 डेसिबलची आणि उणे 0.8 वर 10 डेसिबलची. माझ्या पॅडवर पसरट करणारा एक इफेक्ट होता आणि मीटर उणे 0.6 च्या आसपास हलत होता. मोनोत पॅड जवळपास नाहीसा व्हायचा. इफेक्ट काढला, पॅडची रुंदी निम्मी केली आणि प्रश्न संपला. पॅडबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

खरी गोष्ट तंबोऱ्याची आहे.

माझ्याकडे तंबोऱ्याचं एकच रेकॉर्डिंग आहे, काळी एकचं, प सा सा सा असं लावलेलं. एका वाद्याला दोन्ही बाजूंना पसरवण्याची प्रचलित युक्ती अशी: मूळ ट्रॅक डावीकडे, त्याचीच प्रत उजवीकडे आणि प्रतीला 10 ते 30 मिलिसेकंदांचा डिले. मी 18 मिलिसेकंद ठेवले होते. स्टिरिओत हे फार देखणं ऐकू येतं. मोनो केल्यावर तंबोरा बंद पडला नाही, हळूही झाला नाही, पण त्याचा सा पोकळ झाला. मधल्या दोन, म्हणजे जोडीच्या तारा वाजताना सा वरच्या सप्तकात गेल्यासारखा वाटायचा आणि पंचम मात्र जसाच्या तसा भरीव. सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे SPAN या प्लगइनमधला कोरिलेशन मीटर तेव्हा शून्याच्या आजूबाजूला होता, म्हणजे वरच्या हिशोबाने अगदी चालण्यासारखा.

कारण शोधायला कागद-पेन्सिल पुरते. एखादा आवाज आणि त्याचीच उशिरा आलेली प्रत यांची बेरीज केली की काही ठरावीक कंपनसंख्यांवर दोघे एकमेकांना खोडतात:

```
f = (2n + 1) / (2 × t)     n = 0, 1, 2 …
t = 0.018 s  →  27.8, 83.3, 138.9, 194.4 … Hz
```

आता काळी एकमध्ये जोडीच्या तारांचा सा येतो 138.6 हर्ट्झवर. तिसरा खड्डा 138.9 वर आहे, म्हणजे सा नेमका खड्ड्यात पडतो. तेवढ्यावर थांबत नाही. त्या तारेचं तिसरं हार्मोनिक 415.8 हर्ट्झवर आहे, पाचवं 693 वर, आणि तीही खड्ड्यांच्या अगदी काठावर येतात. हिशोबाने मूळ सा सुमारे 36 डेसिबल खाली, तिसरं हार्मोनिक 26 आणि पाचवं 22. उलट 277.2 हर्ट्झवरचं दुसरं हार्मोनिक बरोबर उंचवट्यावर आहे, त्याला काहीच होत नाही. विषम हार्मोनिक गेली आणि सम राहिली की उरलेला आवाज वरच्या सप्तकातल्या सासारखाच ऐकू येणार. पंचमाची तार 103.8 हर्ट्झवर आहे. तिथे घट एक डेसिबलहूनही कमी, म्हणून पंचम भरीव राहिला.

फोनवर याचा परिणाम कसा होतो तेही पाहिलं पाहिजे. 138 हर्ट्झ फोनचा इवलासा स्पीकर तसाही धड वाजवत नाही. तिथे कान सा ओळखतो तो वरच्या हार्मोनिकांच्या आधाराने, आणि या मोनो बेरजेत त्यांतलीच अर्धी गेलेली असतात. शिवाय पाचवं हार्मोनिक म्हणजे शुद्ध गंधार. जुळलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्यातला जोडीच्या तारांचा वाटा यात पुसला जातो. गायकाच्या मागे तंबोरा असतो तो याच भरणीसाठी.

मीटरने हे का दाखवलं नाही? तो सगळ्या कंपनसंख्यांचा मिळून एकच आकडा देतो. सम हार्मोनिक त्याला अधिककडे ओढतात, विषम उणेकडे, आणि काटा मध्ये उभा राहतो. तबला, टाळ यांसारख्या क्षणिक आवाजांत हे विशेष खुपत नाही, कारण खड्ड्यांवर सतत रेंगाळणारा स्वर तिथे नसतो. तंबोरा मात्र त्याच कंपनसंख्यांवर गाणं संपेपर्यंत बसून असतो. म्हणून आसेच्या वाद्यासाठी मीटरवर विसंबू नका. मोनो करा, ट्रॅक सोलो करा आणि एकेक तार ऐका.

डिले बदलून पाहायचा मोह होतो. 18 चा 14.4 केला तर 138.6 हर्ट्झचा सा उंचवट्यावर येतो आणि त्याची सगळी हार्मोनिकही येतात. पण मग पंचम पडतो. 103.8 ला 14.4 मिलिसेकंदांत जवळजवळ दीड आवर्तनं होतात, म्हणजे पुरती खोडाखोड. जोडीचा सा आणि त्याखालचा प यांत चार-तीनाचं नातं असल्यामुळे एकाला सांभाळणारा आकडा दुसऱ्याला बुडवू शकतो. हा रस्ता सोडून दिला.

चांगला उपाय परंपरेतच आहे: मैफलीत गायकाच्या मागे दोन तंबोरे असतात. दोन वेगळी रेकॉर्डिंग एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली तर त्यांच्यात ठरावीक डिलेचं नातंच राहत नाही आणि कायमचे खड्डे पडत नाहीत. सुरांत बारीक फरक असला तर संथ हेलकावे येतात, पण तेही दोन तंबोऱ्यांच्या साथीत असतातच. ज्यांच्याकडे वाद्य आहे त्यांनी दुसऱ्यांदा छेडून रेकॉर्ड करावं, तेच उत्तम.

माझ्याकडे दुसरं रेकॉर्डिंग आत्ता नाही, म्हणून दुसरा मार्ग घेतला. मूळ तंबोरा मध्यभागी ठेवला. 18 मिलिसेकंद उशिराची प्रत 6 डेसिबल खाली घेऊन तिचे दोन ट्रॅक केले. एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, आणि उजव्याची पोलॅरिटी ट्रॅकवरच्या फेजच्या बटणाने उलटी केली. बेरीज करताना या दोन प्रती एकमेकांना पूर्ण खोडतात आणि मोनोत फक्त मूळ तंबोरा उरतो, एकही खड्डा नसलेला. पसरटपणा स्टिरिओत आहे, मोनोत तो शांतपणे निघून जातो. स्टिरिओच्या मानाने घट फक्त 1 डेसिबलची आहे. मीटर आता साधारण 0.6 वर असतो.

याला मर्यादा आहे. डाव्या आणि उजव्या बाजूला स्वतंत्रपणे खड्डे-उंचवटे अजून आहेत, फक्त ते एकमेकांना पूरक आहेत. एकच इअरफोन कानात घालून ऐकणाऱ्याला तंबोरा किंचित रंगलेला वाटेल. प्रत 6 डेसिबल खाली असल्यामुळे तिथे खड्डे अथांग नाहीत, जास्तीत जास्त 6 डेसिबलचे आहेत. हे मला चालतं. प्रती मूळच्या पातळीपर्यंत वर घेतल्या तर चालणार नाही. एक काळजी मात्र घ्या: या तीन ट्रॅकपैकी प्रतीच्या फक्त एकाच ट्रॅकवर इक्वलायझर किंवा कॉम्प्रेसर लावला तर खोडाखोड अपुरी राहते. जे लावायचं ते तिन्ही एकत्र येतात त्या फोल्डरवर लावा.

फोनवर ऐकायच्या आधी मास्टरवर मोनोबरोबर 350 हर्ट्झचा तीव्र हाय-पासही लावून पाहतो. कोणत्याही एका फोनची ती नक्कल होत नाही, पण खालचं गेल्यावर काय उरतं ते कळतं. डग्ग्याचा घुमारा यात जवळपास गायब होतो. तो पसरवून किंवा आवळून परत येणार नाही, कारण प्रश्न रुंदीचा नाहीच. डग्ग्याच्या एका समांतर ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन दिलं की वरची हार्मोनिक तयार होतात आणि घिस्सा फोनवरही कळतो. नंतर फाइल खऱ्या फोनवर टाकली. ती मेसेजिंग अ‍ॅपमधून ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाब दिलेली आवृत्ती तपासली जाते. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओची सोय असते. ती चालू-बंद करून हेडफोनवर ऐकलं तर फोनवरच तुलना होते.

पेटीचं काम अर्धवट आहे. तिला दोन माइक होते, एक भात्याच्या बाजूला आणि एक पट्ट्यांच्या वर. त्यांच्या अंतरात सुमारे 17 सेंटिमीटरचा फरक पडला की ध्वनी अर्ध्या मिलिसेकंदाने मागे-पुढे पोचतो आणि पहिला खड्डा 1000 हर्ट्झच्या आसपास येतो. पण पेटीत प्रत्येक स्वर वेगळ्या जागेवरून येतो, त्यामुळे हा फरक स्वरागणिक बदलतो. संथ आरोह मोनोत ऐकला तर दोन-तीन स्वर दबलेले सापडतात. सध्या भात्याकडचा माइक 10 डेसिबल खाली घेतला आहे. त्यामुळे खड्डे सव्वातीन डेसिबलपर्यंत आणि उंचवटे अडीचच्या आत राहतात. पेटी थोडी अरुंद झाली, पण सगळे स्वर एका पातळीवर आले. पुढच्या रेकॉर्डिंगला दोन्ही माइक एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात ठेवून पाहणार आहे, म्हणजे अंतराचा फरकच उरणार नाही. कोणी पेटीवर तशी मांडणी केली असेल तर माइक पट्ट्यांपासून किती उंच ठेवले होते आणि भात्याचा आवाज किती आला, ते जरूर कळवा.