लाल चॅनलमधलं कुंकू

हल्ली जुन्या फोटोचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येत नाही. मोबाईलवर ॲपमधून केलेला रंगीत फोटो आधीच तयार असतो आणि म्हणणं एवढंच असतं की "बाकी मस्त झालाय, फक्त चेहरा जरा जमवून द्या." म्हणजे ज्या गोष्टीसाठी फोटो काढला होता तेवढीच काय ती बिघडलेली असते.

सांगलीतल्या ज्या गृहस्थांबद्दल लिहितोय त्यांचंही तसंच होतं. आजी-आजोबांचा जोडीचा फोटो, कॅबिनेट आकाराचा, पिवळा पडलेला. ॲपने आजोबांना निळा कोट घातला होता, आजीला तपकिरी साडी नेसवली होती आणि दोघांची कातडी लग्नाच्या मेकअपसारखी गुळगुळीत केली होती. आजीच्या कपाळावरचं कुंकू गायब होतं. "आज्जीचं कुंकूच खाल्लं हो यानं," ते म्हणाले. "तेवढं लाल करून द्या, आणि साडी हिरवी पैठणी करा. हॉलमध्ये मोठा लावायचाय." सोबत त्यांची आत्या होती, पंच्याऐंशीच्या पुढची. ती काहीच बोलली नाही.

मूळ फोटो फ्रेमवाल्याने पुठ्ठ्यावर खळीने चिकटवला होता. या मंडळींनी जितके जुने फोटो मारलेत तितके वाळवीनेही मारले नसतील. सुदैवाने काचेला चिकटला नव्हता. चिकटला असता तर ओढून सोडवायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा, हा आमच्याकडचा नियम. प्रतिमा ज्या जिलेटीनच्या थरात असते तोच थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो.

स्कॅन १२०० डीपीआयला, १६ बिट, आणि फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्ये. इथे बहुतेक जण ग्रेस्केल निवडतात आणि अर्धा फोटो तिथेच घालवतात. फोटो पक्का करायला वापरलेला हायपो धुताना नीट निघाला नसेल तर वर्षानुवर्षं त्यातलं गंधक प्रतिमेतल्या चांदीला खात राहतं आणि काळी चांदी पिवळट तपकिरी होते. पिवळा रंग निळा प्रकाश अडवतो आणि लाल प्रकाश जाऊ देतो. रंगीत स्कॅन म्हणजे लाल, हिरवं आणि निळं अशी तीन चॅनल, एकेका रंगाच्या प्रकाशात दिसलेला तोच फोटो. त्यामुळे अशा फोटोचं निळं चॅनल उघडलं की जे डोळ्याला दिसत नव्हतं ते बरंचसं परत दिसतं, आणि लाल चॅनल जवळजवळ पांढरं असतं. कुठलंही ए.आय. वापरण्याआधी मी निळं चॅनल वेगळं काढतो, लेव्हल्स लावतो, आणि अर्धी दुरुस्ती तिथेच झालेली असते. ॲपला हे करता येणार नाही असं नाही, पण मोबाईलने ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत तो फरक उरलेलाच नसतो.

निळं चॅनल छान आलं. आजोबांच्या कोटाची बटणं आणि आजीच्या पदराच्या चुण्या सापडल्या. मग सवयीने लाल चॅनल उघडलं आणि थांबलो. सगळा फोटो उडालेला, आजोबांचे डोळेसुद्धा फिके करडे, पण आजीच्या कपाळावरचा ठिपका काळाकुट्ट. आणि गळ्यात मण्यांची एक ओळ, तितकीच काळी.

फोटोतली चांदी पिवळी पडली असेल तर ती सगळीकडेच पडायला हवी. आजीच्या कपाळापुरती ती ताजी राहील असं होत नाही. जे तिन्ही चॅनलमध्ये सारखंच काळं आहे ते चांदीचं नाही, ते शाईचं किंवा रंगाचं आहे. खात्री करायला फोटो टेबलावर आडवा ठेवला आणि मोबाईलचा टॉर्च अगदी कडेने, जवळजवळ कागदाला टेकवून धरला. असा तिरपा उजेड टाकला की पृष्ठभागावरचं सगळं उघडं पडतं. बाकी कागद चमकत होता आणि कुंकू मंद, किंचित उंच दिसत होतं. मणीसुद्धा तसेच. भिंगातून पाहिलं तर सगळे मणी एका मापाचे, चोळीच्या चुणीवरून जाताना वाकायला हवेत तिथे सरळच गेलेले. ब्रशनेच काढलेलं मंगळसूत्र.

तेवढ्यावरून काही ठरत नाही. त्या काळी स्टुडिओत रिटचिंग करणारा माणूस असायचाच आणि फिकं आलेलं कुंकू गडद करणं हे त्याचं रोजचं काम. पण इथे ब्रशखाली आधीचं काही आहे का तेच मला दिसेना. मण्यांच्या मधल्या जागेत जुन्या मंगळसूत्राचा मागमूस नव्हता. मग बाकीचं पाहायला लागलो. आजोबांच्या नाकाची सावली उजवीकडे, आजीच्या नाकाची डावीकडे. एका खोलीत, एका खिडकीसमोर बसलेल्या दोन माणसांचं असं होत नाही. फोटो जोडलेला होता. दोन फोटो कापून, जोडून, त्याचा पुन्हा फोटो काढलेला. साडी गडद, आणि तिला काठ नाही. पदर कपाळावर पुढे ओढलेला, केसाची एक बटही दिसत नाही. हात पदराखाली, म्हणजे बांगड्यांचा प्रश्नच मिटवलेला.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना फोन केला. कुंकवाचं काही बोललो नाही, एवढंच विचारलं की तुमच्या आईची साडी कुठल्या रंगाची असायची, मला रंग भरायचाय. त्या म्हणाल्या, "लाल. आलवण. मी पाळण्यात असताना वडील गेले. आईला मी दुसऱ्या रंगात पाहिलंच नाही." आणि थोड्या वेळाने, "कुंकू तुम्हाला दिसलं असेल ना? मामानं रंगवून घेतलं होतं ते. फोटोत तरी असू दे म्हणाला."

आता ज्यांना आलवण माहीत नसेल त्यांच्यासाठी: ब्राह्मण घरातल्या विधवेचं बिनकाठाचं, सरसकट लाल लुगडं. डोकं सोवळं केलेलं आणि वर तो पदर.

आणि कॅमेऱ्याने ते काळं का दाखवलं हेही लगेच जुळलं. जुन्या स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक काच किंवा फिल्म चालायची. तिला निळा आणि हिरवा प्रकाश दिसतो, लाल दिसत नाही. म्हणूनच ती डार्करूममध्ये लाल दिव्याखाली धुता यायची. जे लाल ते तिच्या लेखी अंधार. कुंकू काळं, ओठ काळे, लाल लुगडं काळं. आपले रंग भरणारे प्रोग्रॅम मात्र शिकलेत आजच्या रंगीत फोटोंवर. त्यातला रंग काढून टाकायचा, करडा फोटो मशीनला द्यायचा आणि मूळ रंग ओळखायला लावायचा, अशी ती शिकवणी. त्या फोटोंत लाल साडी मध्यम करडी होते, काळी नव्हे. त्यामुळे ऑर्थो फिल्मवरचं लाल हे त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. डीऑल्डिफाय नावाच्या अशाच एका प्रोग्रॅमवर चालवून पाहिलं, साडी तपकिरी आणि कडेला निळसर. खात्री नसली की हे प्रोग्रॅम मधला, कुठेच न खटकणारा रंग देतात, आणि तो हमखास असा मातकट निघतो.

कुंकू का उडतं त्याचंही कारण साधं आहे. चेहरा सुधारणारे जीएफपीगॅन, कोडफॉर्मर यांच्यासारखे प्रोग्रॅम एफएफएचक्यू नावाच्या संचातल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकलेत आणि ते चेहरे फ्लिकरवरून घेतलेले. नऊवारीतल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या बायका त्यात किती असणार? कपाळावरचा काळा ठिपका त्यांना डागच वाटतो. शिवाय ते चेहरा ५१२ पिक्सेलचा करून घेतात. आजीचा चेहरा कागदावर दोन सेंटीमीटर, म्हणजे माझ्या स्कॅनमध्ये साडेनऊशे पिक्सेलच्या आसपास. तो आधी लहान करायचा आणि मग त्यात नव्या पापण्या भरायच्या, याला सुधारणा म्हणत नाहीत. कोडफॉर्मरला मूळ चेहऱ्याशी किती इमान राखायचं ते सांगता येतं, `-w 0` म्हणजे दिसायला सुंदर, `-w 1` म्हणजे मूळाला धरून. मी `-w 0.9` ठेवून, तोही थर तीस टक्केच मिसळला, फक्त आजोबांच्या गालावरच्या बुरशीपुरता. आजीच्या चेहऱ्याला हाताने क्लोन आणि हीलिंग ब्रश, बस्स.

खरा पेच इथून पुढे. कृष्णधवल फोटोत मामांचं काम बेमालूम बसलं होतं, कारण काळं लुगडं कुठल्याही रंगाचं असू शकतं. रंग भरायचा म्हटला की ते टिकत नाही. लुगडं खरं रंगवलं तर ते आलवण होतं आणि आलवणावर कुंकू बसत नाही. कुंकू ठेवलं तर लुगडं खोटं रंगवावं लागतं. दोन्ही लाल एका फोटोत नांदत नाहीत. आणि मशीनने न समजता जे केलं, कुंकू पुसलं, मंगळसूत्र चुणीत मिळवलं, तेच नेमकं कॅमेऱ्यासमोर होतं. हे मला अजून पचलेलं नाही. ज्याला मी चूक म्हणून हसलो असतो ती वस्तुस्थिती निघाली, आणि ज्याला वस्तुस्थिती समजून जपायला निघालो होतो तो एका भावाचा हट्ट होता.

नातवाला सगळं सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "अहो, हॉलमध्ये आलवण कोण लावतं?" मी हिरवी पैठणी करायला नाही म्हणालो. बिनकाठाच्या लुगड्याला जरीचा काठ लावायचा म्हणजे मला तो काढावाच लागणार, आणि फोटो दुरुस्त करणं वेगळं, चित्र काढणं वेगळं. शेवटी त्यांना कृष्णधवल मोठा प्रिंट दिला, कुंकू आणि मंगळसूत्र जसं मामांनी रंगवून घेतलं तसं, एकही मणी न हलवता. तो सुंदर आलाय, हे मात्र मी म्हणणार.

आत्याबाईंनी वेगळा मागवला. पोस्टकार्डाएवढा, एकट्या आईचा, लाल लुगड्यातला. तो करायला सगळ्यात जास्त वेळ लागला. नुसता लाल रंग कलर मोडच्या लेअरवर टाकून भागत नाही, कारण त्याने फक्त रंग बदलतो, उजेड तोच राहतो, आणि जवळजवळ काळ्या कापडावर लाल टाकलं की वाळलेल्या रक्ताचा रंग येतो. लुगड्याचा उजेडच वर उचलावा लागतो, म्हणजे फिल्मने जे पाहिलं नाही ते मी अंदाजाने पाहायचं. आत्याबाई शेजारी बसून सांगत होत्या, "अजून फिकं. धुऊन धुऊन विटलेलं असायचं." चुण्यांच्या सावल्या निळ्या चॅनलमध्ये पुसटशा होत्या, त्यांच्या आधाराने वर आणलं.

कुंकवाबद्दल मी त्यांना विचारलं. काढू का? कपाळाचा तेवढा भाग बाजूच्या कातडीवरून भरता आला असता, दहा मिनिटांचं काम. त्या म्हणाल्या, "मामानं एवढ्या हौसेनं केलंय. राहू दे."

"पण आलवणावर?"

"मला काय लोकांना दाखवायचाय?"

तसाच छापला. बिलावरून नातवाने थोडी घासाघीस केली, ॲप फुकट करतं म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांच्याच एका भावाचा फोन आला, त्यांना हिरव्या पैठणीतला हवा होता, व्हॉट्सॲपवर आलाय तसाच, फक्त चेहरा जरा जमवून.