भरतीची नोंदवही: साडेपाच तास पुढे गेलेली समुद्रपातळी

गेल्या वेळी लिहिलं होतं की जेटीवरच्या मापपट्टीच्या नोंदी एका सार्वजनिक समुद्रपातळी संचाशी ताडून बघणार आहे. ताडून बघितल्या, आणि त्यात एक चूक सापडली. संच सांभाळणाऱ्या मॅडमना मेल केली आणि काल त्यांचं उत्तरही आलं. आपल्यातले बरेच जण तोच संच वापरतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आचऱ्याच्या खाडीतली माझी पट्टी साधीच आहे. जेटीच्या खांबाला ठोकलेली फळी, तिच्यावर दर 5 सेंटिमीटरला रंगाची खूण. शून्य मी माझ्या सोयीने धरलंय. त्यामुळे उंची थेट कुणाशी जुळवता येत नाही, पण पाणी कधी चढलं आणि कधी उतरायला लागलं ते पक्कं कळतं. वेळ मोबाइलवरची.

28 ऑक्टोबर 2023 ला कोजागिरी होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. दूध आटवून झाल्यावर आम्ही चौघं जेटीवरच बसून राहिलो. वहीत त्या रात्रीच्या तीन नोंदी आहेत: 10:50 ला 210, म्हणजे भरती पुरी झाली. 1:05 ला ग्रहण लागलं तेव्हा 160. 2:24 ला सुटलं तेव्हा 105. ग्रहण बघता बघता पाणी खाली जात होतं आणि खांबावरच्या कालवांच्या ओल्या कडा एकेक करून उघड्या पडत होत्या.

आता संचाची 2023 ची फाइल उघडली. माझ्या जेटीला सगळ्यात जवळचं केंद्र आमच्याच किनाऱ्यावरचं आहे. वेळेचा स्तंभ `time_utc`, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेचा, म्हणून भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवले. फाइलीप्रमाणे त्या रात्री भरती पुरी झाली पहाटे साडेचारला, आणि ग्रहण चालू असताना पाणी चढत होतं. जवळच्या दोन जागांमध्ये काही मिनिटांचा फरक पडतो, पण एका ठिकाणी भरती आणि शेजारी त्याच वेळी सुकती असं होत नाही.

आधी माझ्याच वहीवर शंका घेतली. पण आपल्याकडचा जुना हिशोब आहेच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून आमच्याकडे पावणेअकरा-अकरा. शेजारच्या काकांना फाइलीतली दिवसाची भरती सांगितली, तर ते जाळ्यावरून मानही वर न करता म्हणाले, "पुनवेची भरती चाराक? चाराक सुकती असता रे."

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढे घोटाळा होतो. भरती ते सुकती हा काळ साधारण 6 तास 12 मिनिटांचा, आणि यूटीसी आणि भारतीय वेळेतलं अंतर 5 तास 30 मिनिटांचं. ही दोन्ही इतकी जवळ आहेत की घड्याळ चुकलं तर आलेख जवळजवळ उलटा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी उंचीचं चिन्ह उलटं केलंय. माझाही पहिला अंदाज तोच होता आणि मेलचा पहिला मसुदा मी तसाच लिहिला होता: "तुमच्या फाइलमध्ये उंची उलटी आहे." तो पाठवला असता तर त्यांनी चिन्ह बदलून बघितलं असतं, वेळ तशीच राहिली असती, आणि चूक आणखी खोल गाडली गेली असती.

भरती-सुकती वेगवेगळ्या गतीच्या अनेक घटकांची मिळून बनते. दोन शक्यता वेगळ्या काढायच्या तर दिवसातून दोनदा येणाऱ्या घटकाबरोबर दिवसातून एकदा येणाराही बघावा लागतो. दिवसातून दोनदा येणारा चंद्राचा मुख्य घटक M2 तासाला 28.984 अंश सरकतो, दिवसातून एकदा येणारा O1 तासाला 13.943 अंश. चिन्ह उलटं असेल तर दोघांचीही फेज, म्हणजे त्या घटकाची भरती किती उशिरा येते त्याचं अंशांतलं माप, 180 अंशांनी हलेल. घड्याळ साडेपाच तास पुढे असेल तर M2 ची फेज 159.4 अंशांनी वाढेल, पण O1 ची फक्त 76.7 अंशांनी. एकट्या M2 वरून 159 आणि 180 मधला फरक गोंगाटात गेला असं कुणी म्हणू शकेल. O1 मध्ये तशी पळवाट नाही.

वर्षाचे दोन तुकडे केले, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर, आणि भरतीचे घटक वेगळे काढणारी utide ही पायथनची लायब्ररी दोन्हींवर सारखीच चालवली:

```python
from utide import solve
c = solve(t, h, lat=16.2, method="ols",
          conf_int="linear")
for n, g in zip(c.name, c.g):
    if n in ("M2", "O1"):
        print(n, round(g, 1))
```

दुसऱ्या तुकड्यात M2 ची फेज 159.1 अंशांनी जास्त आली, O1 ची 77.2 ने. वेगाने भागलं तर एकातून 5 तास 29 मिनिटं आणि दुसऱ्यातून 5 तास 32 मिनिटं. K1 आणि S2 हे दुसरे दोन मोठे घटक मुद्दाम मेलमध्ये घेतले नाहीत. K1 ला जवळजवळ त्याच गतीच्या P1 पासून आणि S2 ला तशाच K2 पासून वेगळं करायला सुमारे 183 दिवस लागतात, आणि जानेवारी-जूनचा तुकडा 181 दिवसांचा. पुरावा देताना वाद होईल असा आकडा कशाला ठेवायचा?

मग चूक कुठून सुरू झाली ते शोधलं, आणि सगळ्यात सोपा पुरावा तिथेच पडलेला होता. जूनपर्यंत प्रत्येक नोंदीच्या वेळेत मिनिटं 30 आहेत, कारण यंत्र भारतीय वेळेच्या तासाला मोजतं आणि यूटीसीत तो अर्ध्यावर येतो. 1 जुलैपासून मिनिटं 00. आणि मधे फट:

```
2023-06-30T17:30Z
2023-07-01T00:00Z
```

एक तासाच्या जागी साडेसहा तास. नुसत्या मिनिटांवरून काही ठरत नाही, केंद्राने खरोखर यूटीसीच्या तासाला मोजायला सुरुवात केली असती तरी 00 च दिसलं असतं. पण दुसऱ्या वेळेतून साडेपाच तास वजा केले की ती 18:30 होते आणि फट बरोबर एका तासाची उरते.

नेहमीच्या तपासण्यांत हे का पकडलं गेलं नाही, तेही लक्षात आलं. सरासरी पातळी ठीक, कमाल-किमान ठीक, मधेच उडालेली एकही नोंद नाही. महिन्याची सरासरी काढणाऱ्याला हे कधीच जाणवणार नाही. वादळात पाणी अंदाजापेक्षा किती वर चढलं ते काढणाऱ्याचं मात्र सगळं उत्तर चुकेल.

मेल तीनदा लिहिली. शेवटी गेली ती अशी:

"विषय: 2023 च्या फाइलमध्ये 1 जुलै ते 31 डिसेंबर, वेळ 5 तास 30 मिनिटं पुढे असावी

मॅडम, नमस्कार.

तुम्ही हा संच सगळ्यांसाठी खुला ठेवलात त्याचा मला रोज उपयोग होतो, त्याबद्दल मनापासून आभार. मी हौशी निरीक्षक आहे, आचरा खाडीत पट्टीवरून पाण्याची नोंद ठेवतो.

सोबत जोडलेल्या केंद्राच्या 2023 च्या फाइलमध्ये (मी 4 तारखेला उतरवून घेतलेली प्रत) 1 जुलैपासून वर्षाअखेरपर्यंत `time_utc` या स्तंभात यूटीसीऐवजी भारतीय वेळ भरली गेली असावी, असं मला दिसतं. उंचीच्या आकड्यांत मला काही चूक दिसली नाही.

कारणं तीन. 30 जूनच्या 17:30 नंतरची नोंद थेट 1 जुलैच्या 00:00 ला आहे. साडेपाच तास वजा केल्यास ही फट एका तासाची होते. त्याआधीच्या सहा महिन्यांच्या तुलनेत M2 ची फेज 159.1 आणि O1 ची 77.2 अंशांनी वाढली आहे. दोन्हींतून साडेपाच तासांचंच अंतर निघतं. चिन्ह उलटं झालं असतं तर दोन्ही 180 आले असते. तिसरं, 28 ऑक्टोबरच्या रात्रीची माझी नोंद. माझी पट्टी 5 सेंटिमीटरपर्यंतच वाचता येते, म्हणून ती फक्त पाणी चढतं की उतरतं एवढ्यापुरतीच धरावी.

केंद्राच्या नोंदवहीत जुलैपासून यंत्राचं घड्याळ यूटीसीवर होतं असं लिहिलेलं असेल, तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल. ती वही मला बघता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

दुरुस्ती करायची झाल्यास वेळ पूर्ण तासाला न जुळवता नेमके साडेपाच तास वजा करावेत, नाहीतर अर्ध्या तासाची चूक उरेल. दोन्ही तुकड्यांचा आलेख, दहा ओळींचा कोड आणि माझ्या वहीच्या त्या पानाचा फोटो जोडला आहे. बाकीची केंद्रं मी तपासलेली नाहीत."

विषयाच्या ओळीतच केंद्राची फाइल, काळ आणि किती वेळेची चूक हे सगळं घातलं, कारण त्यांच्याकडे दिवसाला किती मेल येत असतील ते आपल्याला माहीत नाही. "असावी" हा शब्दही विचार करून ठेवला. फट मी डोळ्यांनी बघितली, फेज मोजली. पण घड्याळ कुणी आणि कसं लावलं ते मी बघितलेलं नाही. संबंध वर्षाची फाइल दुरुस्त करून पाठवायचा मोह झाला होता, तो आवरला. दुरुस्त फाइल एकच असावी आणि ती त्यांच्याकडूनच यावी, नाहीतर दोन प्रती फिरत राहतात.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. पावसाळ्याच्या तोंडावर केंद्रावरचं नोंदयंत्र बदललं होतं, नवीन यंत्र आधीच यूटीसीत लिहितं असं समजून त्याची वेळ बदललीच गेली नाही. त्यांनी नोंदवही काढून खात्री केली. नवी आवृत्ती येईपर्यंत फाइलीच्या माहितीपत्रात सूचना टाकली आहे. त्याच महिन्यात आणखी एका केंद्राचं यंत्र बदललं होतं, ते तपासाल का, असंही विचारलंय.

त्या केंद्राची फाइल आज उतरवून घेतली. तिथे मिनिटं वर्षभर 00 च आहेत आणि फट कुठेच नाही, त्यामुळे सोपी खूण उपयोगाची नाही; M2 आणि O1 महिन्या-महिन्याने काढावे लागतील. ज्यांच्याकडे 2023 च्या पावसाळ्यातल्या त्या बाजूच्या भरती-सुकतीच्या हाताने घेतलेल्या नोंदी असतील, त्यांनी तारीख, वेळ आणि पाणी चढतं होतं की उतरतं, एवढं कळवावं. उंची नसली तरी चालेल.