सव्वासातची गाडी आणि सहीशिक्क्याचा प्लॅन

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाचं संकलनाचं सॉफ्टवेअर आमच्या पुण्यातल्या टीमकडे आलं, तेव्हा सोबत बारा महिन्यांचा आराखडाही आला होता. पहिले तीन महिने गरजा लिहून घ्यायच्या, दोन महिने डिझाइन, पाच महिने कोडिंग, शेवटचे दोन टेस्टिंग आणि यूएटी. यूएटी म्हणजे ग्राहकाने स्वतः चालवून बघण्याचा टप्पा. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष नव्या सिस्टिमवर सुरू व्हायचं, कारण सभासदांच्या जुन्या बाक्या वर्षाच्या मधे हलवणं हिशेबवाल्यांना परवडत नाही. गरजांचं दस्तऐवज, म्हणजे एसआरएस, जाडजूड होतं. प्रत्येक पानावर संघाची सही आणि शिक्का.

त्यात संकलनाची पद्धत अगदी नीट लिहिली होती. सभासद येतो, कोड सांगतो, दुधाचं वजन होतं, नमुना मशीनवर तपासला जातो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, कळतात, दरपत्रकावरून रक्कम निघते, पावती छापली जाते. संघाच्या मुख्य कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी हे सांगितलं होतं आणि त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. नियम तसाच आहे.

आमच्या मॅनेजरने एवढंच मान्य करून घेतलं होतं की तारीख आणि रक्कम करारातली राहील, पण संकलनाचा भाग दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये करायचा आणि प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी चालू स्थितीतला तुकडा दाखवायचा. कुठे दाखवायचा, तर संघाच्या सभागृहात प्रोजेक्टरवर नाही, खऱ्या संस्थेत, खऱ्या पाळीला. यावर थोडी कुरकुर झाली, कारण सकाळची पाळी सहाला सुरू होते.

अशाच एका स्प्रिंटच्या शेवटी पहाटे मी, आमचा एक डेव्हलपर आणि संघाचे संकलन अधिकारी एका गावच्या दूध संस्थेत पोचलो. संकलन अधिकारी आमचे प्रॉडक्ट ओनर. कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे ठरवायचा अधिकार त्यांचा. १२० सभासद, एक वजनकाटा, एक फॅट मशीन. संस्थेत कूलर नव्हता, त्यामुळे कॅन घ्यायला संघाची गाडी सव्वासातला यायची. दूध घालायला आलेल्या बायका-पोरांची रांग दाराबाहेर लागलेली. सचिवांनी आमचा लॅपटॉप वह्या बाजूला सारून टेबलावर ठेवून घेतला आणि रांग सुरू केली.

पहिले दोन-तीन सभासद छान गेले. मग रांग थबकली.

स्क्रीनवर नोंद उघडी होती. वजन आलं होतं, पण फॅट आल्याशिवाय नोंद जतन होत नव्हती, आणि मशीनला एका नमुन्याला साधारण पाऊण मिनिट लागत होतं. तोवर पुढच्या बाईंनी किटली काट्यावर ठेवलेली, आणि काट्याचं वजन टाकायला जागाच नाही. सचिवांनी थोडा वेळ सभ्यपणा दाखवला, मग म्हणाले, "मॅडम, असं न्हाई चालायचं ओ. माझी गाडी काय थांबत न्हाई. आन् हिथली माणसं कामावर जायची हायत."

मग त्यांनी लॅपटॉप बाजूला ठेवून नेहमीची पद्धत सुरू केली, आणि आम्ही बघत राहिलो. सचिव आधी झाकण उघडून दुधाचा वास घेतात; आंबूस वाटलं तर तिथेच परत. मग वजन, वहीत कोडापुढे आकडा, गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळ्या कॅनमध्ये ओतलं जातं, आणि चमचाभर नमुना एका छोट्या बाटलीत. बाटली ट्रेमध्ये ओळीने. सभासद मोकळा. मशीनपाशी बसलेला पोरगा ट्रेमधल्या बाटल्या आपल्या वेगाने तपासत जातो आणि फॅट दुसऱ्या वहीत लिहितो. सकाळची पावती सभासदाला संध्याकाळी मिळते.

थोडक्यात, काटा आणि मशीन ही दोन वेगळी कामं होती आणि ती दोन वेगवेगळ्या वेगांनी चालत होती. वजन करून दूध ओतायला माणशी वीस सेकंद धरले तर १२० जण चाळीस मिनिटांत मोकळे होतात. वजन आणि फॅट एकाच नोंदीत अडकवलं की तेच पासष्ट सेकंद होतात, म्हणजे शेवटचा सभासद आठ वाजून दहा मिनिटांनी सुटणार. गाडी गेलेली, आणि दूध कॅनमध्ये तापत बसलेलं.

हे कुठल्याच मीटिंगमध्ये कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एसआरएसमधला क्रम बरोबर होता. त्यात वेळ नव्हता. एकापाठोपाठ एक टप्प्यांची जी आकृती आपण 'वॉटरफॉल' म्हणून शिकतो, ती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या लेखात आहे. त्याच लेखात त्यांनी लिहून ठेवलंय की हे असंच राबवणं धोक्याचं आहे, कारण वेळेसारख्या गोष्टी प्रत्यक्ष अनुभवायला मिळतात त्या पहिल्यांदा शेवटच्या टेस्टिंगमध्ये. आकृती सगळीकडे पोचली, इशारा मागेच राहिला.

आता हेच मूळ आराखड्यात कधी कळलं असतं? यूएटीमध्ये, अकराव्या महिन्यात. आणि तोवर काय काय उभं राहिलं असतं, ते आमच्या टेबलकडे बघितलं की कळतं:

```
milk_entry(
  member_code, shift_date, shift,
  qty    NOT NULL,
  fat    NOT NULL,
  snf    NOT NULL,
  amount NOT NULL)
```

एका ओळीत सगळं, आणि काहीही रिकामं चालणार नाही. दर काढणं, पावती, एसएमएस, दर दहा दिवसांचं दूध बिल, संघाकडे जाणारा गोषवारा, हे सगळं या एका ओळीवर उभं राहणार होतं. त्या दिवशी मात्र तिच्यावर फक्त एक स्क्रीन आणि दराचं गणित उभं होतं. पुण्याला परतताना गाडीतच आमच्या डेव्हलपरने कागदावर दोन टेबलं काढली:

```
weighing(shift_id, serial_no, member_code, qty)
sample_test(shift_id, serial_no, fat, snf)
```

वजन झालं की पाळीतला अनुक्रमांक मिळतो, तोच बाटलीचा ट्रेमधला क्रमांक. फॅट नंतर येते, आणि दोन्ही जुळल्यावरच रक्कम निघते. हे बदलणं पुढच्या स्प्रिंटमधलं सगळ्यात मोठं काम ठरलं, पण एकाच स्प्रिंटमध्ये बसलं. अकराव्या महिन्यात याला 'चेंज रिक्वेस्ट' म्हटलं असतं, वेगळं एस्टिमेट गेलं असतं, आणि एसआरएसवर सही कुणाची यावर दोन्हीकडचे वकील बसले असते.

बदलासाठी स्प्रिंटमध्ये ही जागा मात्र फुकट मिळत नाही. स्प्रिंटबद्दल बोलताना हा भाग लोक गाळतात. पुढच्या स्प्रिंटमध्ये संचालकांसाठीचा तालुकावार अहवाल घ्यायचं ठरलं होतं. दोन आठवडे तेवढेच, माणसं तेवढीच, त्यामुळे काहीतरी बाहेर काढणं भाग होतं. आम्ही यादी समोर ठेवली आणि संकलन अधिकाऱ्यांनी अहवालावर काट मारली. ते सोपं नव्हतं, कारण संचालकांना तोंड द्यायचं होतं ते त्यांनाच, आम्हाला नव्हे. एकाच लांब आराखड्यात कामाची यादी पक्की असते आणि ताण आला की तारीख सरकते. इथे तारीख पक्की असते आणि यादी सरकते. ही निवड करायला कुणी अधिकाराचा माणूस जागेवर नसेल, तर स्प्रिंट म्हणजे आराखड्याचे दोन-दोन आठवड्यांचे काप, बाकी काही नाही.

पुढच्या रिव्ह्यूला पुन्हा तीच संस्था. रांग थांबली नाही, साडेसहा-पावणेसातपर्यंत दार मोकळं झालं. सचिव खूश. पण मशीनपाशी बसलेल्या पोराच्या हातून एक बाटली कलंडली. त्याने सवयीने पुढची उचलली आणि काम चालू ठेवलं. आमची स्क्रीन बिचारी अनुक्रमांक मोजत पुढे. म्हणजे तिथून पुढे प्रत्येकाची फॅट आधीच्याच्या नावावर चढत गेली. कळलं कसं? फक्त गाईचं दूध घालणाऱ्या एका सभासदाच्या नावावर सातच्या पुढची फॅट दिसली. गाईला साधारण साडेतीन-चार, म्हशीला सहा-सात, हे सचिवांच्या डोळ्यात इतकं बसलेलं असतं की त्यांनी लांबूनच विचारलं, "ह्यांच्या गाईला कधीपासनं सात लागायला लागली?"

पैशाच्या दृष्टीने ही चूक रांग थांबण्यापेक्षा वाईट. रांग थांबली तर सगळ्यांना दिसते. सरकलेली फॅट दहा दिवसांनी बिलात दिसते, आणि तेव्हा भांडणं होतात. वहीत हे होत नव्हतं, कारण पोरगा बाटलीवरचा क्रमांक वाचून त्याच्यासमोर आकडा लिहायचा. मग मशीनच्या स्क्रीनवर क्रमांक आणि नाव मोठ्या अक्षरांत आलं, 'बाटली गेली' असं बटण आलं, आणि गाईच्या नोंदीवर म्हशीची फॅट आली तर तांबडी पट्टी. गेलेल्या बाटलीसाठी आदल्या पाळीची फॅट धरायचा त्या संस्थेचा रिवाज होता. तो पहिल्यांदा लिहून निघाला तो इथे.

सगळंच मात्र स्प्रिंटमध्ये घालून चालत नाही, आणि आम्ही घातलंही नाही. बाकीच्या संस्थांसाठी संगणकाला जोडता येणारे काटे घ्यायचे होते. निविदा, मंजुरी, पुरवठा, वैधमापन खात्याची पडताळणी. यात दर दोन आठवड्यांनी मत बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यासाठी साधा जुना, तारखांचा तक्ताच बरा होता, आणि तो वर्षभर भिंतीवर लटकत होता. १ एप्रिल हीदेखील न हलणारी खुंटी होती.

खरी अडचण आली ती बिलांची. करारात हप्ते कागदांवर बांधलेले होते: एसआरएस मंजूर झालं की इतके, डिझाइन मंजूर झालं की इतके. आमच्याकडे चालणारं संकलन होतं, पण 'डिझाइन दस्तऐवज' नावाची पूर्ण फाइल नव्हती. लेखा विभागाचं म्हणणं त्यांच्या जागी रास्त होतं. ऑडिटला ते काय दाखवणार? बऱ्याच चर्चेनंतर पुरवणी करार झाला आणि हप्ता 'अमुक भाग अमुक संस्थांमध्ये सलग एक बिल-कालावधी चालला' या अटीला बांधला गेला. सचिवांच्या सहीचं पत्र हाच पुरावा.

१ एप्रिलला संकलन, बिल आणि बाक्या सुरू झाल्या. संचालकांचा तालुकावार अहवाल जूनमध्ये मिळाला. त्यावर एक संचालक अजूनही नाराज आहेत आणि भेटले की तसं बोलून दाखवतात.