पावतीची मागची बाजू

एरंडोल तालुक्यातल्या एका जिनिंगचं अंतर्गत ऑडिट संपवून आम्ही मे महिन्यात एक्झिट मीटिंगला बसलो होतो. समोर मालक, मॅनेजर आबा आणि काट्यावरचा माणूस. मसुद्यातला सगळ्यात जड मुद्दा घटीचा होता. ५,२०० क्विंटल कापूस जिनला गेला, त्यातून रुई १,७६८ आणि सरकी ३,१९८ क्विंटल निघाली. उरलेली २३४ क्विंटल घट, म्हणजे साडेचार टक्के. कंपनीनेच ठरवलेली मर्यादा अडीच टक्के, म्हणजे १३० क्विंटल. वरच्या १०४ क्विंटलचा हिशेब लागत नाही, असं मी लिहिलं होतं.

मी वाचत असतानाच आबांचा चेहरा बदलला. "म्हणजे आम्ही माल पळवला, असंच ना?"

अशा वेळी निष्कर्षावर वाद सुरू झाला की तो मिटत नाही. म्हणून विचारलं, "आबा, यातला कोणता आकडा चुकीचा आहे?" ते म्हणाले, आकडे बरोबर आहेत, पण दिवाळीनंतरचा पहिला कापूस ओला होता. मी म्हणालो, ओलाव्याचं रजिस्टर तर कोरं आहे. तेव्हा काट्यावरचा माणूस हळूच बोलला, "साहेब, पावती उलटी करीसन देखा ना."

मी कापूस खरेदीच्या पावत्यांची फक्त पुढची बाजू तपासली होती. दिवाळीनंतरच्या ६० पावत्यांच्या मागे पेन्सिलीने ओलाव्याच्या मीटरचं रीडिंग होतं: ११, १२, १३ टक्के.

पण पेन्सिलीचं लिखाण कालचंही असू शकतं, म्हणून मी मीटिंग दीड तास थांबवली. ओला कापूस घेताना शेतकऱ्याचा भाव कापतात. त्या ६० पावत्यांवरचा कापलेला भाव आणि बँकेतून शेतकऱ्यांना गेलेली रक्कम जुळवली. जिथे रीडिंग जास्त, तिथे पैसे कमी गेले होते. सहा महिन्यांपूर्वीची बँकेची नोंद आता कुणी बदलू शकत नाही. ओलावा खरा होता.

मग हिशेब सगळ्यांसमोर केला. कंपनीची मर्यादा ८ टक्के ओलाव्याच्या कापसावर बांधलेली आहे. १२ टक्क्यांचा माल ८ वर सुकला, की १०० क्विंटलमागे साधारण ४.३५ क्विंटल वजन उडतं. त्या पावत्यांचा माल १,५०० क्विंटल, सरासरी ओलावा १२. म्हणजे ६५ क्विंटल पाणीच होतं.

राहिले ३९. आबा म्हणाले, तेही ओलाव्यातच धरा. मी नाही म्हणालो, कारण नंतरच्या पावत्यांवर रीडिंग ८ च्या आसपासच होतं. आवाज पुन्हा चढले. मालकांनी हात वर केला आणि म्हणाले, "साहेब, ३९ लिहा. पण आबांचं म्हणणंही लिहा."

'हिशेब लागत नाही' हे १०४ वरचं वाक्य मी तिथेच खोडलं. ३९ क्विंटलचा मुद्दा ठेवला, ओलाव्याचं रजिस्टर न भरल्याचा वेगळा मुद्दा घातला आणि आबांचा खुलासा त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात उतरवला. सही करण्याआधी आबांनी तो दोनदा वाचला.