टोपण दातात धरणारे काका

"वडील जाऊन सहा महिने झाले. एरवी मी ठीक असते, पण मधूनच असं भरून येतं की काही सुचत नाही. हे असं का होतं? तुम्ही नोकरी करत कसं निभावलंत?"

आमचे अप्पा मार्चमध्ये गेले. तेरावं झालं आणि पंधराव्या दिवशी मी बँकेत रुजू झाले. वर्षअखेरीची धावपळ होती, मी उशिरापर्यंत थांबून ती निस्तरली. डोळ्यांत टिपूस नाही. माझी मलाच शंका यायची, आपलं अप्पांवर प्रेम होतं ना नक्की?

मग नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांसाठी हा हयातीच्या दाखल्याचा महिना. अप्पा निवृत्त शिक्षक, त्यांचं खातं आमच्याच शाखेत. मुलगी आत बसते म्हणून ते कधी रांग मोडून आले नाहीत. नंबर आला की स्वतःचं पेन काढायचे, टोपण दातात धरायचे आणि सही करून म्हणायचे, "बघून घ्या बाई, आहे ना जिवंत?"

त्या नोव्हेंबरात पेन्शनच्या टेबलावर मी होते. अकराच्या सुमारास एका काकांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण दातात धरलं. बस्स. घसा आवळला, यादीतली अक्षरं पुसट झाली. मी 'हयात' अशी खूण केली, पण एक ओळ खाली, भलत्याच माणसापुढे. संध्याकाळी साहेबांनी यादी ताडून पाहिली म्हणून ती सापडली, नाहीतर त्या काकांची पुढची पेन्शन अडकली असती.

आता 'का' ते सांगते. माणूस गेला हे आपल्याला एकदाच कळतं, पण त्याची सवय शंभर ठिकाणी विखुरलेली असते. पेनचं टोपण, संध्याकाळचा फोन, चहात कमी साखर. यातल्या प्रत्येक ठिकाणी मन अजून त्याची वाट बघत असतं आणि तो नाही हे तिथे तिथे वेगळं शिकावं लागतं. एप्रिलमधल्या हिशेबांत अप्पा कुठेच नव्हते, म्हणून एप्रिल कोरडा गेला. नोव्हेंबरच्या रांगेत ते उभे होते. उमाळा तारीख बघून येत नाही, खूण बघून येतो.

१९४४ साली एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने, बॉस्टनच्या एका नाइट क्लबमधल्या आगीत आप्त गमावलेल्यांना आणि इतर शोकग्रस्तांना भेटून, या लाटांबद्दल लिहून ठेवलंय. घसा आवळणं, श्वास अपुरा वाटणं, पोटात खड्डा पडणं. एक लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते, असं त्याचं निरीक्षण. मला यातला शेवटचा भाग उपयोगी पडला. दिवसभर टिकायचं नाहीये, वीस-तीस मिनिटं टिकायचंय.

म्हणून मी साहेबांना सरळ सांगितलं, "मधेच उठले तर कारण विचारू नका." शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी खूण ठरवली. मी चष्मा काढून यादीवर ठेवला की तिने माझी रांग घ्यायची. मागच्या जिन्यात पंधरा मिनिटं बसून यायचं, रडू आलं तर रडायचं. परत आल्यावर पहिला अर्धा तास सही ताडणं आणि पैसे मोजणं नाही, पासबुकं छापणं वगैरे. दुःखात लक्ष फाटतं, हे त्या एका ओळीने मला शिकवलं होतं. वर्षभर माझं महत्त्वाचं काम दुसऱ्या कुणीतरी नजरेखालून घालावं, असं मीच मागून घेतलं. यात कमीपणा कसला? बँकेत तशीही दुसरी सही लागतेच.

उलट बाजूही आहे. दिवसभर दाबून ठेवलेलं रात्री दोनला उसळायचं. मग घरी जातानाची बस मी अप्पांसाठी राखून ठेवली. चाळीस मिनिटं, खिडकीची जागा, त्यांचे जुने निरोप ऐकायचे. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलं की शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांच्यामध्ये सतत ये-जा करत असतो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. म्हणजे काम करताना मी अप्पांना विसरत नव्हते आणि बसमध्ये रडताना खचत नव्हते. (नातेवाइकांना मात्र हे पटत नाही. हसलात तरी बोलतात, रडलात तरी बोलतात.)

लाटांच्या मधे कोरडी जमीन लागते का, एवढं बघा. अंतर हळूहळू वाढत असेल तर वाट बघायला हरकत नाही. पण महिनोन्‌महिने रोज तेवढंच दाटून येत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, कामावर जाणंच होत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणंच नकोसं वाटत असेल तर आजच. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढच्या नोव्हेंबरला ते काका परत आले. टोपण दातात. आवंढा आलाच, पण मी यादीवर पट्टी ठेवून ओळ धरली आणि म्हटलं, "काका, टोपण टेबलावर ठेवा, गिळाल एखाद्या दिवशी." अप्पांनाही दरवर्षी हेच म्हणायचे.