मंगळागौरीच्या गाण्यांची पुस्तिका: ५२ पानं, १३ कागद, आणि आत-बाहेर सरकणारे समास

आईच्या वहीतली मंगळागौरीची गाणी टाइप करून झाल्याचं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. श्रावणाच्या आत वीस प्रती करायच्या आहेत. ए-फोर कागद मधोमध दुमडून होईल तेवढा, म्हणजे ए-फाइव्हचा आकार, मध्ये दोऱ्याची शिवण. गेले तीन आठवडे फक्त एका गोष्टीत गेले: पीडीएफची पानं अशा क्रमाने लावायची की दोन्ही बाजूंनी छापलेले कागद एकात एक घालून दुमडले की पुस्तक सरळ वाचता यावं.

आधी एक शब्द ठरवून घेते, कारण घरात यावरून फार गोंधळ झाला. पुढे ‘कागद’ म्हणजे ए-फोरचा ताव आणि ‘पान’ म्हणजे ज्यावर आकडा पडतो ती एक बाजू. एका कागदावर चार पानं बसतात, दोन पुढे आणि दोन मागे. त्यामुळे एकूण पानं चारच्या पटीत हवीत. माझी ४९ भरत होती, म्हणजे तीन कोरी घालणं आलं. बहुतेक जण ती तिन्ही शेवटी ढकलतात. मी एक कोरं पान शीर्षकाच्या मागे, म्हणजे दुसऱ्या पानावर ठेवलं आणि दोन शेवटी. त्याने अनुक्रमणिका तिसऱ्या, उजव्या पानावर आली. शेवटची दोन कोरी पानंही वाया जाणार नाहीत, आई त्यावर आठवतील ती गाणी पेनाने लिहिणार आहे.

क्रम समजायला मी संगणकावर बसलेच नाही. तीन कोरे कागद एकात एक घालून दुमडले आणि पेन्सिलीने कोपऱ्यात १ ते १२ आकडे घातले. मग उलगडले. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या पुढे डावीकडे १२, उजवीकडे १. मागे डावीकडे २, उजवीकडे ११. मधल्यावर १० आणि ३, मागे ४ आणि ९. आतल्यावर ८ आणि ५, मागे ६ आणि ७. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज प्रत्येक बाजूला १३, म्हणजे एकूण पानांपेक्षा एक जास्त. ही बेरीज हाताशी असली की तपासणी सोपी होते. माझ्या ५२ पानांच्या पुस्तिकेत कुठलीही बाजू उघडा, बेरीज ५३ यायला हवी. नाही आली तर त्या कागदावर चूक आहे. मात्र डावं-उजवं उलटं पडलं तरी बेरीज तीच येते, म्हणून दुसरी खूणही पाहायची: पुढच्या बाजूला विषम आकडा उजवीकडे, मागच्या बाजूला सम आकडा डावीकडे.

त्या पेन्सिलच्या नमुन्याने आणखी एक गोष्ट दाखवली. उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं एकाच कागदाच्या एकाच बाजूवर फक्त मधोमध येतात, माझ्याकडे २६ आणि २७. बाकी प्रत्येक जोडी दोन वेगवेगळ्या कागदांची असते. घडी अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी ओळी वर-खाली दिसतात. झिम्म्याचं सगळ्यात लांब गाणं मी दोन स्तंभांत दोन पानांवर पसरलं होतं आणि त्याच्या ओळी एका रेषेत हव्या होत्या. मधली चार छोटी गाणी मागे-पुढे करून ते २६-२७ वर आणलं.

छपाईच्या खिडकीत बऱ्याच प्रोग्रामना Booklet हा पर्याय असतो आणि तो क्रम बरोबर लावतो. पण मला छापण्याआधी लावलेली फाइल डोळ्यांनी बघायची होती. शिवाय खाली सांगितलेली सरकवासरकव त्यातून होईना, म्हणून पायथॉनमध्ये छोटं काम केलं. मूळ फाइल १४८.५ × २१० मिलिमीटरच्या पानांची आहे, म्हणजे ए-फोरच्या नेमकी निम्मी.

```python
from pypdf import PdfReader, PdfWriter, Transformation
src, out = PdfReader("gani.pdf"), PdfWriter()
W, H = 420.94, 595.28
n = len(src.pages)          # 52

def put(l, r, d):
    s = out.add_blank_page(2*W, H)
    t = Transformation()
    s.merge_transformed_page(src.pages[l-1], t.translate(d, 0))
    s.merge_transformed_page(src.pages[r-1], t.translate(W-d, 0))

for i in range(n // 4):
    d = 0.35 * i
    put(n - 2*i, 1 + 2*i, d)
    put(2 + 2*i, n - 1 - 2*i, d)
out.write("booklet.pdf")
```

पहिल्या खेपेला यातला `d` शून्य होता. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दादरला स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने पटकन काढून दिलं. लोकलमध्ये जागा मिळाल्यावर दुमडून पाहिलं तर पुढच्या सगळ्या बाजू ठीक आणि मागच्या सगळ्या उलट्या, डोकं खाली पाय वर. कारण साधं होतं. दोन्ही बाजूंच्या छपाईत कागद कुठल्या कडेवरून उलटायचा हे ठरवावं लागतं, आणि नेहमीची उभी पानं लांब कडेवरून उलटतात. आपला कागद आडवा आहे, पुस्तिका उघडते ती आखूड कडेच्या दिशेने. म्हणून `Flip on short edge` निवडावं लागतं. दुकानात बहुधा दुसरी निवड आधीच टिकलेली असते आणि दिवसभर उभी पानं काढणाऱ्याला ती बदलण्याची सवय नसते. १३ कागद गेले.

आता मी आधी लावलेल्या फाइलच्या पहिल्या चारच बाजू, म्हणजे दोन कागद, काढून घेते. एक कागद उजेडासमोर धरायचा. १ च्या बरोबर पाठीमागे २ दिसला आणि दोन्हींचा माथा एकाच बाजूला असला की झालं. माथा उलटा असेल तर कड चुकली आहे. माथा बरोबर पण १ च्या मागे ५१ असेल तर मागच्या बाजूचं डावं-उजवं उलटं पडलं आहे, आणि तो दोष दुकानाचा नव्हे, फाइलचा. त्याच वेळी `Actual size` निवडलं आहे ना तेही पाहते. `Fit` राहिलं की मजकूर थोडा आक्रसतो आणि मोजून ठेवलेले समास कामाचे राहत नाहीत.

दुसऱ्या प्रतीत क्रम, माथा सगळं जमलं. मग खरी मजेची अडचण पुढे आली. १३ कागद एकात एक घालून दुमडले की आतले कागद बाहेरच्यांच्या पुढे डोकावतात, कारण बाहेरच्या कागदाला आतल्या सगळ्यांना वळसा घालावा लागतो. छापखान्यात याला क्रीप म्हणतात. पट्टी लावून मोजलं, सगळ्यात आतला कागद सगळ्यात बाहेरच्यापेक्षा दीड मिलिमीटर पुढे होता. पुस्तिकेची कड सरळ दिसावी म्हणून बाहेरच्या कागदाच्या कडेपासून एक मिलिमीटर आत कटर चालवला. कड सुंदर आली, पण पहिल्या पानाचा बाहेरचा समास १२ चा ११ झाला आणि २६ व्या पानाचा साडेनऊ. पानाचा आकडा बाहेरच्या कोपऱ्यात असल्याने पानं भराभर सोडली की तो आकडा कडेकडे सरकत जाताना आणि पुन्हा आत येताना दिसतो. एकदा दिसल्यावर नजर तिथेच जाते.

उपाय म्हणजे जितका कागद पुढे येतो तितका त्यावरचा मजकूर घडीकडे ओढायचा. दीड मिलिमीटर १२ पायऱ्यांत वाटला की एका कागदामागे ०.१२५ मिलिमीटर. पीडीएफचं माप पॉइंटमध्ये असतं आणि एका मिलिमीटरला साधारण २.८३ पॉइंट, म्हणजे दर कागदाला ०.३५. वरच्या कोडमधला `d` तो हाच: सगळ्यात बाहेरच्या कागदाला शून्य, सगळ्यात आतल्याला ४.२. डावं पान उजवीकडे सरकतं, उजवं पान डावीकडे. हा आकडा माझ्या ८० जीएसएमच्या कागदाचा आणि माझ्या घडीचा आहे. जाड कागद घेतला किंवा घडी ढिली राहिली तर तो वाढेल, म्हणून एक प्रत दुमडून, मोजून मगच ठरवावा. याची मर्यादाही आहे. पानांना कडेपर्यंत रंगाची पार्श्वभूमी असेल तर सरकवल्यावर घडीपाशी ती एकमेकांवर चढते; माझी पानं पांढरी आहेत, म्हणून चाललं.

तिसरी प्रत परवा काढली, या खेपेला घराजवळच्या दुकानात. तिथले काका स्वतः पुस्तकबांधणी करायचे. त्यांनी प्रत हातात घेतली, अंगठ्याने पानं सोडली आणि आकडे पाहिले. “ताई, आतली पानं आत ओढली आहेत ना तुम्ही? छान केलंत. पण तेरा कागदांच्या पुढे नका जाऊ. त्यापेक्षा सोळा-सोळा पानांचे जुज करा आणि जुजबंदी करा.” त्यांचं म्हणणं पटतं. चार कागदांच्या एका जुजात क्रीप जेमतेम अर्धा मिलिमीटर राहतो, सरकवायची गरजही पडत नाही. फक्त क्रम लावताना प्रत्येक जुज वेगळी पुस्तिका समजायचं: १ ते १६ ची बेरीज १७, पुढे १७ ते ३२ ची ४९. पण जुज एकमेकांना शिवायचे तर पाठ तयार करावी लागते, आणि श्रावणापर्यंत वीस प्रतींना तेवढा वेळ नाही. ही पुस्तिका एकाच घडीची राहील.

शिवणीचं थोडक्यात: घडीवर तीन भोकं दाभणाने, मधलं बरोबर १०५ मिलिमीटरवर. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. कापायचं काम शिवण झाल्यावरच, नाहीतर कागद हलतात आणि कड पुन्हा दातेरी होते.

सध्याची स्थिती: तिसऱ्या प्रतीत पान १, १३ आणि २६ तिन्हींचे बाहेरचे समास पट्टीवर ११ भरले. उरलेला त्रास घडीचा आहे. माझ्या रिममधल्या ए-फोरचे तंतू लांब बाजूच्या दिशेने आहेत, आणि आपण दुमडतो त्यांना आडवं. म्हणून घडीवर बारीक चिरा दिसतात, कव्हरच्या २०० जीएसएम कार्डावर तर पांढरी रेघच. कार्डावर आधी पट्टी धरून बोथट टोकाने रेघ ओढून मग दुमडलं तर ती बरीच कमी होते. त्यात पावसाने घरातला कागद ओलसर झालाय, छापल्यावर कडा वळतात. छापून आणलेले १६ संच आता पाटाखाली, वर दोन जाड शब्दकोश ठेवून दाबून ठेवले आहेत. चार प्रती शिवून कापून तयार आहेत. पहिली आईने नेली, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तिने एक गाणं लिहिलंसुद्धा.